पायलट की पहिला टप्पा? कचरणाऱ्या ग्राहकासमोर नेमकं काय ठेवायचं

नवा ग्राहक पूर्ण कामाला ‘हो’ म्हणत नाही, पण ‘नाही’ही म्हणत नाही. अशा वेळी बहुतेक जण सुचवतात, ‘आधी थोडं काम करून बघू.’ या एका वाक्याचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. एक म्हणजे पैसे घेऊन केलेला छोटा पायलट, दुसरा म्हणजे मोठ्या कामाचा पहिला टप्पा. दोन्हींत काम थोडं, रक्कम थोडी, मुदतही थोडीच, म्हणून कोटेशनवर दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो काम संपल्यावर, आणि तेव्हा दुरुस्तीला वाव नसतो.

पहिला टप्पा हा ठरलेल्या कामाचा तुकडा असतो. पूर्ण काम करायचं हे आधीच पक्कं आहे, फक्त ते हप्त्याहप्त्यानं होणार आहे. पायलट एका शंकेचं उत्तर शोधतो. उत्तर ‘नको’ असं आलं तरी पायलट पूर्ण झालेला असतो, त्याचं बिल निघतं आणि ग्राहकाच्या हातात वापरता येईल असं काहीतरी उरतं. ओळखण्याची खूण सोपी आहे: ग्राहकानं इथेच थांबायचं ठरवलं, तर दिलेलं काम त्याच्या उपयोगाचं आहे का? नसेल, तर तो पायलट नाही, नाव काहीही दिलेलं असो.

एक उदाहरण घेऊ. चाकणजवळचा पॅकेजिंग मशीन बनवणारा एक कारखाना आहे, असं समजा. त्यांना मशीन चालवण्याची सहा मॅन्युअल इंग्रजीतून मराठीत हवी आहेत, मिळून 54,000 शब्द. भाषांतरकाराचा दर शब्दाला 4 रुपये आहे. उत्पादन विभागाचे साहेब कचरतात, कारण मागच्या भाषांतरात बेअरिंगचा ‘धारवा’ झाला होता, व्हॉल्व्हची ‘झडप’ आणि पिस्टनचा ‘दट्ट्या’. शब्द चुकीचे नव्हते, परिभाषेत ते आहेतच. पण लाइनवरच्या ऑपरेटरनं ते कधी ऐकलेले नसतात, त्यामुळे पुस्तिका कपाटात गेली.

इथे पहिला टप्पा मांडला तर तो असा दिसेल: सहापैकी पहिलं मॅन्युअल, पान 1 पासून शेवटपर्यंत, सोबत सहाही मॅन्युअलना चालेल असा पानांचा साचा. मजकूर चोख होईल, पण साहेबांची शंका होती तिथेच राहील. मॅन्युअलची सुरुवातीची पानं कंपनीची ओळख आणि वॉरंटी यांतच जातात, ऑपरेटर ती उघडतही नाही. शिवाय इथेच थांबलं, तर सहांसाठी केलेल्या साच्याचा खर्च एकट्या पहिल्या मॅन्युअलवर पडतो.

पायलटमध्ये सगळ्यात अवघड, जिथे शंका आहे तोच भाग उचलायचा. इथे तो म्हणजे ‘बिघाड आणि उपाय’ हे प्रकरण आणि मशीन सुरू करण्याची कृती, मिळून सुमारे 3,000 शब्द. सोपा भाग निवडण्याचा मोह होतो, कारण तो चांगला दिसतो. पण सोप्या भागात यश मिळालं की ग्राहक म्हणतो, ‘हे ठीक आहे, पण अवघड भागाचं काय?’ आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

कामाचा क्रम तीन आठवड्यांत बसतो. पहिल्या आठवड्यात 80 शब्दांची यादी: मशीनचा भाग, त्याचं इंग्रजी नाव आणि शॉपफ्लोअरवर खरंच म्हणतात तो शब्द. ही यादी उत्पादन विभागानं सही करून द्यायची, खरेदी विभागानं नाही. दुसऱ्या आठवड्यात भाषांतर. तिसऱ्या आठवड्यात चाचणी: तीन ऑपरेटर, प्रत्येकाला पाच कामं, हातात फक्त मराठी पानं, सुपरवायझरला विचारायचं नाही. प्रत्येकाची पाचपैकी चार कामं बरोबर झाली तर पायलट यशस्वी. त्यानंतर दुरुस्तीची एकच फेरी. चाचणीचा हा निकष काम सुरू होण्याआधी लिहिलेला असला पाहिजे. नंतर ठरवायला गेलं की निकाल ‘बरं वाटतंय’ एवढ्यावरच येऊन थांबतो.

आता पैसे. भाषांतर 3,000 शब्दांचे 12,000, शब्दयादीचे 6,000, अर्ध्या दिवसाच्या चाचणीचे 4,000. एकूण 22,000 रुपये. जीएसटी नोंदणी असेल तर 18 टक्क्यांनी 3,960 वाढून 25,960. निम्मे आगाऊ. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे मोठ्या कामाचा घाऊक दर पायलटला लावणं. पहिल्या टप्प्यात तसा दर देता येतो, कारण उरलेलं काम पक्कं आहे. पायलटमध्ये पुढची हमीच नाही, त्यामुळे सवलत कशावर द्यायची? एकदा शब्दाला 3 रुपये लावले की पुढच्या बोलणीत तोच दर धरला जातो. ग्राहकाला काही द्यायचंच असेल, तर असं लिहून द्या: ‘तीस दिवसांत पूर्ण ऑर्डर आल्यास शब्दयादीचे 6,000 पुढच्या बिलातून वजा.’ दराला धक्का लागत नाही आणि ग्राहकालाही ठरवायचं कारण मिळतं.

हेच काम फुकट नमुना म्हणून का करू नये? कारण फुकट कामाला पीओ, म्हणजे कंपनीची लेखी खरेदी-ऑर्डर, निघत नाही. पैसे घेऊन केलेल्या पायलटसाठी व्हेंडर कोड उघडावा लागतो, बिल अकाउंट्सच्या टेबलावरून जातं, कोणाची सही कुठे अडते ते दिसतं. तुमची ‘उद्यम’ नोंदणी सूक्ष्म किंवा लघु गटात असेल, तर कायद्यानं लेखी करारातही पैसे देण्याची मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. 25,960 चं बिल तीन महिने लटकलं, तर दोन लाखांच्या कामात काय होईल हे आधीच कळलं. पायलट तुम्हालाही ग्राहकाची परीक्षा घेऊ देतो.

प्रत्येक कचरणाऱ्या ग्राहकाला मात्र पायलट देऊ नका. आधी विचारा: ‘काय दिसलं तर तुम्ही पूर्ण काम द्याल?’ ‘ऑपरेटरना कळेल का, तेच बघायचंय’ असं उत्तर आलं, तर पायलट. ‘काम तुमच्याकडूनच करायचंय, पण बजेट एप्रिलनंतर’ असं आलं, तर तिथे शंका नाही, पैशांची अडचण आहे. पहिला टप्पा मांडा आणि पुढच्या टप्प्यांच्या तारखा त्याच करारात घ्या. आणि उत्तरच आलं नाही, तर निर्णय घेणारा माणूस खोलीत नाही. तो भेटेपर्यंत दोन्हींपैकी काहीही मांडू नका.

पायलटच्या कागदावर शेवटी निर्णयाची तारीखही हवी: चाचणीनंतर दहा कामाच्या दिवसांत हो किंवा नाही. तारीख नसेल तर ‘तोवर आणखी एक प्रकरण करून द्या ना’ अशी मागणी येते. ते प्रकरण करायला हरकत नाही, पण वेगळ्या पीओवर.

निकाल मधलाच आला तर? समजा, दोन ऑपरेटर पास झाले आणि तिसऱ्याची तीनच कामं जमली. तो कुठल्या ओळीवर अडला ते बघा. एखाद्या शब्दावर अडला असेल, तर यादीत बदल करून दुरुस्तीच्या फेरीत ती ओळ सुधारा आणि त्याच्याकडून तेच काम पुन्हा करून घ्या. पण चित्रात बाण चुकीच्या बटणाकडे होता म्हणून अडला असेल, तर दोष मूळ इंग्रजी मॅन्युअलचा आहे. तो अहवालात वेगळा नोंदवा, नाहीतर भाषांतर नापास ठरेल आणि चुकीचा बाण सहाही मॅन्युअलमध्ये तसाच राहील.