किमतीच्या चाचणीचा अहवाल वाचताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

किमतीच्या पानावर दोन वेगवेगळ्या किमती दाखवून चाचणी घेतली की अहवालात सर्वांत आधी नजर जाते ती कन्व्हर्जनवर, म्हणजे पान पाहणाऱ्यांपैकी किती जणांनी खरेदी केली यावर. बटणाचा रंग बदलला असेल तर ते ठीकच आहे, कारण तेथे प्रत्येक विक्रीतून दोन्ही बाजूंना सारखीच रक्कम मिळते. किंमत वाढवल्यावर मात्र कन्व्हर्जन थोडे घटणारच. प्रश्न असतो तो घट किती परवडते हा.

जुनी किंमत १०० आणि नवी १२० धरू. प्रत्येक किंमत ५,००० व्हिजिटरना दाखवली. जुन्या किमतीला २०० जणांनी खरेदी केली, नव्या किमतीला १७५ जणांनी. म्हणजे दर हजारी ४० आणि ३५. या आकड्यांवर पी-व्हॅल्यू, म्हणजे प्रत्यक्षात काहीच फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, सुमारे ०.१९ येते, आणि "किंमत वाढवून काही फरक पडला नाही" असा तिचा अर्थ सर्रास लावला जातो. तो चुकीचा आहे. याच आकड्यांचे ९५ टक्क्यांचे विश्वासांतर काढले, तर खरा फरक दर हजारी १२ खरेदीदार कमी होण्यापासून २ वाढण्यापर्यंत कोठेही असू शकतो, असे दिसते. उत्पन्न पूर्वीइतकेच राहण्यासाठी नव्या किमतीला दर हजारी ३३ ते ३४ खरेदीदार पुरतात, म्हणजे सुमारे ७ ची घट चालते. आणि ७ हा आकडा त्या पट्ट्याच्या आतच आहे. नफा झाला की तोटा, हे ही चाचणी सांगतच नाही.

म्हणून दर व्हिजिटरमागचे उत्पन्न पाहावे, असा सल्ला आम्हीही देतो. वरील उदाहरणात ते ४.० वरून ४.२ होते, आणि अनेकांना येथेच निकाल लागल्यासारखे वाटते. परंतु बहुतेक व्हिजिटर काहीच खरेदी करत नाहीत आणि मोजके जण एकदम १०० किंवा १२० देतात, त्यामुळे हा आकडा फार हेलकावे खातो. कन्व्हर्जनमधील ४० आणि ३५ हा फरक नेहमीच्या निकषांवर (५ टक्के पातळी, ८० टक्के पॉवर) पकडायला प्रत्येक किमतीसाठी सुमारे २३,००० व्हिजिटर लागतात, उत्पन्नातील ४.० आणि ४.२ हा फरक पकडायला सुमारे १,७०,०००. कन्व्हर्जनसाठी आखलेली चाचणी उत्पन्नाचा निकाल देऊ शकत नाही, ती याचमुळे.

चाचणी चालू असताना अहवाल पुनःपुन्हा उघडून, पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली दिसताच थांबण्याचा मोह टाळावा. प्रत्यक्षात काहीच फरक नसतानाही, समान टप्प्यांवर दहा वेळा असे पाहिल्यास खोटा निकाल मिळण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून सुमारे १९ टक्क्यांवर जाते.

आपल्या पानावर इतके व्हिजिटर येत नसतील, तर १०० आणि १२० ऐवजी अधिक अंतराच्या किमती निवडाव्यात, आणि दर व्हिजिटरमागचे किती नुकसान आपल्याला चालेल तो आकडा चाचणी सुरू होण्यापूर्वीच आम्हाला लेखी कळवावा.