आलेखाच्या फोटोतून उत्तर कसं निघतं, आणि कुठे चुकतं

समजा, मुंबईच्या पावसाचा महिनावार स्तंभालेख आहे. उभ्या अक्षावर ० ते १२०० मिलिमीटर आहेत, पण स्तंभांच्या डोक्यावर आकडे छापलेले नाहीत. त्या वर्षी जुलैत ६९० आणि ऑगस्टमध्ये ७२० मिलिमीटर पाऊस झाला. या आलेखाचा फोटो एआयला देऊन विचारलं, ‘सर्वांत जास्त पाऊस कोणत्या महिन्यात?’, तर ‘जुलै’ असं उत्तर येऊ शकतं.

हे असं का होतं, ते बघू. प्रणाली फोटो आधी लहान करते. २०२३ साली आलेल्या लाव्हा-१.५ या खुल्या प्रणालीत चित्र ३३६ × ३३६ पिक्सेलचं होतं आणि त्याचे १४ पिक्सेल बाजूचे ५७६ चौकोन पडतात. प्रत्येक चौकोनाचं रूपांतर संख्यांच्या एका मालिकेत होतं आणि भाषेचं मॉडेल त्या मालिका प्रश्नाच्या शब्दांसोबत वाचून उत्तराचा एकेक शब्द ठरवतं. फूटपट्टी लावून मोजण्याचं काम यात कुठेच होत नाही.

आपल्या आलेखाचा उभा अक्ष या लहान चित्रात २४० पिक्सेल उंच उरला, तर एक पिक्सेल म्हणजे ५ मिलिमीटर आणि एक चौकोन म्हणजे ७० मिलिमीटर. दोन महिन्यांतला ३० मिलिमीटरचा फरक सहा पिक्सेलचा, म्हणजे अर्ध्या चौकोनापेक्षाही कमी. चित्रातून मिळणारा पुरावा इतका अंधुक असला की मॉडेल वाचलेल्या मजकुराकडे झुकतं, आणि मुंबईत जुलै सर्वांत पावसाळी असतो, हे त्याने असंख्य वेळा वाचलेलं असतं. फोटो दोन अंशांनी तिरका असेल, तर अक्षापासून १५० पिक्सेल दूरचा स्तंभ पाचेक पिक्सेल वर किंवा खाली सरकतो. म्हणजे आणखी २५ मिलिमीटर इकडेतिकडे. नव्या प्रणाली मोठ्या फोटोचे तुकडे करून ते बारकाईने बघतात. त्याने हा दोष बराच कमी होतो, पण पुरता जात नाही.

मला जास्त काळजी वाटते ती अशा प्रणालींच्या चाचणीची. चार्टक्यूए ही आलेखांवरच्या प्रश्नांची २०२२ची प्रसिद्ध प्रश्नपेढी आहे. तिच्यात संख्येचं उत्तर ५ टक्क्यांपर्यंत चुकलं तरी बरोबर धरतात. ७२०चे ५ टक्के म्हणजे ३६. त्यामुळे ऑगस्टचा पाऊस ६९० सांगितला तरी पूर्ण गुण मिळतात आणि जुलै-ऑगस्टचा फरक मात्र पुसला जातो. अंदाजे आकडा हवा असेल तर ही सवलत योग्यच आहे. पण ‘कोणता जास्त’ या प्रश्नाची खात्री त्या गुणांवरून देता येत नाही.

म्हणून थेट उत्तर मागू नका. आधी सगळ्या स्तंभांचे आकडे तक्त्यात मागा. मग फोटो सरळ करून, फक्त आलेख कापून पुन्हा तेच विचारा. आकडे बदलले, किंवा सगळेच ७००, ६५०, ५०० असे गोल आले, तर ते अंदाजाने दिलेले असण्याची शक्यता मोठी. स्तंभांवर आकडे छापलेले असले तर प्रणाली ते अक्षरांसारखे वाचते, आणि फोटो स्पष्ट असेल तर सहसा बरोबर वाचते.