काळा आणि जड दगड म्हणजे पक्का दगड? मूर्ती-मंदिराचा दगड निवडण्याआधी

घरचं देऊळ, मूर्ती किंवा तुळशीवृंदावन घडवून घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक आम्हाला एकच सांगतात: "दगड काळा, जड आणि टणक द्या, अजिंठा-वेरूळसारखा." मागणी रास्त आहे, पण तिच्यात एक गैरसमज आहे. डोंगर पोखरून लेणं काढायला जो दगड लागतो आणि बारीक नक्षी काढायला जो लागतो, तो बहुतेक वेळा एक नसतो. हे समजलं की तुमच्या कामाला कोणता दगड घ्यावा, हे तुम्हालाच ठरवता येईल.

अजिंठा, वेरूळ आणि घारापुरी ही तिन्ही लेणी दख्खनच्या बेसॉल्टमध्ये कोरलेली आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हा दगड झाला. आपल्या सीताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्स त्याच लाव्ह्याच्या आहेत. शहराच्या पूर्वेला मात्र तो लवकरच संपतो आणि त्याहून कितीतरी जुने खडक वर येतात. म्हणून नागपुरात एकाच आठवड्यात आमच्याकडे काळा पाषाण, वालुकाश्म आणि पट्ट्यापट्ट्यांचा नाइस, असे तिन्ही दगड येतात.

भेगांचा प्रश्न

लाव्ह्याचा जाड, घट्ट थर थंड होताना आकसतो आणि सुकलेल्या तळ्याच्या गाळासारखा उभा तडकतो. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब असेच झाले आहेत. असा दगड हातोड्याला दाद देत नाही, पण त्यात मोठं दालन कोरायला घेतलं तर छतातून भेगांच्या मापाचे चिरे सुटून खाली येतील. जो लाव्हा छोट्या छोट्या जिभांनी पसरत साचला आणि ज्यात वायूचे फुगे अडकून राहिले, त्यात अशा सलग भेगा फार कमी असतात. फुग्यांच्या पोकळ्या पुढे पांढऱ्या खनिजांनी, म्हणजे झिओलाइट आणि गारेच्या जातीच्या खनिजांनी भरून येतात. तुम्हाला तो दगड ठिपक्याठिपक्यांचा, काहीसा राखाडी आणि घट्ट दगडापेक्षा नरम दिसेल. पाहताक्षणी तो कमी प्रतीचा वाटतो, पण खांबांनी पेललेलं दालन त्यातच निर्धोक उभं राहतं.

वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात डोंगरमाथ्यावरून खाली कोरत आणलं आणि ते सुमारे 30 मीटर उंच आहे. वरून खाली येताना चूक झाली तर दगड परत लावता येत नाही. एवढ्या उंचीत मोठी भेग निघाली असती तर कामच बदलावं लागलं असतं. तो डोंगर निवडणाऱ्या कारागिरांना दगडाची जाण किती असेल, याचं आम्हाला आजही नवल वाटतं.

मग अशा ठिपकेदार दगडात मूर्तीचा डोळा कसा कोरायचा? छिन्नी ठिपक्यावर पडली की पांढरं खनिज निसटतं आणि खड्डा उरतो. जुन्या कारागिरांनी यावर लेपाचा उपाय काढला. अजिंठ्याची चित्रं खडबडीत भिंतीवर मातीचा गिलावा देऊन त्यावर काढलेली आहेत. कैलासालाही वरून गिलावा आणि रंग होता, त्याच्या खुणा अजून दिसतात. आज आपण बाहेर उभी राहणारी मूर्ती उघड्या दगडाचीच ठेवतो, गिलावा देत नाही. म्हणून आम्ही मूर्तीला ठिपकेदार दगड देत नाही. तिला बारीक, एकसारख्या कणांचा घट्ट बेसॉल्ट लागतो. तो भेगाळ असला तरी हरकत नाही, कारण मूर्तीपुरता अखंड तुकडा दोन भेगांच्या मधून निघतो.

तुकडा अखंड आहे हे कसं कळतं

समजा तुम्हाला अंगणातल्या देवळीसाठी तीन फुटी मूर्ती हवी आहे आणि समोर दोन काळे ठोकळे आहेत, दोन्ही दिसायला सारखेच. आम्ही दोन्हींवर भरपूर पाणी ओततो आणि वाळू देतो. चांगल्या ठोकळ्याचा पृष्ठभाग सगळीकडे सारखा वाळतो. दुसऱ्यावर केसाएवढी एक रेघ बराच वेळ ओली, काळपट राहते. ती भेग आहे, तिच्यात पाणी शिरलंय. मग हातोडीने हलकेच वाजवून बघतो. अखंड दगड खणखणतो, भेगेचा दगड बद्द वाजतो. तीच भेग मूर्तीच्या मानेतून गेली तर काम निम्मं झाल्यावर मान हातात येते.

तिसरी खूण वेळखाऊ आहे, पण आम्ही ती टाळत नाही. काही बेसॉल्टमध्ये हिरवट-काळी चिकणमातीसारखी खनिजं दडलेली असतात. ओली झाली की ती फुगतात, वाळली की आकसतात. ठोकळ्याचा कपचा आम्ही रात्री पाण्यात आणि दिवसा उन्हात, असा आठ-दहा दिवस ठेवतो. पाणी गढूळ झालं किंवा कपच्याच्या कडा सुटू लागल्या, तर तो दगड घडवताना कितीही टणक लागला तरी उघड्यावर काही पावसाळ्यांत त्याचा मुरूम होईल. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि जूनमध्ये त्याच तापलेल्या दगडावर पाऊस कोसळतो, म्हणून ही पारख इथे विशेष गरजेची आहे.

दगड कुठून काढला, हेही विचारा. गिट्टीच्या खदानीत सुरुंग लावतात. त्या हादऱ्याने दगडात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात. मूर्तीचा दगड ओळीने भोकं पाडून, पाचरी ठोकून सुटा केलेला असावा.

वालुकाश्माबद्दल

बदामीची लेणी वालुकाश्मात आहेत. तिथल्या तिसऱ्या लेण्यावर इ.स. 578 चा लेख आहे आणि नक्षी अजून रेखीव आहे. म्हणजे वाळूचा दगड कच्चाच असतो असं नाही. वाळूचे कण कशाने चिकटले आहेत, यावर सगळं ठरतं. सिलिकाने चिकटले असतील तर तो शतकानुशतके टिकतो, चिकणमातीने चिकटले असतील तर बोटाने घासलं तरी कण हाताला लागतात. कामठी हे नाव भूशास्त्रात वालुकाश्माच्या एका मोठ्या थरसमूहालाच दिलेलं आहे, पण त्याचे थर एकसारखे नाहीत. म्हणून आम्ही गावाचं नाव ऐकून दगड घेत नाही, प्रत्येक ठोकळा हाताने घासून आणि भिजवून बघतो.

वालुकाश्मात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. खदानीत त्याचे थर आडवे असतात आणि भिंतीत बसवतानाही ते आडवेच राहायला हवेत. उभे बसवले तर समोरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून उंच खांब आम्ही एका लांब तुकड्यातून काढत नाही, एकावर एक ठोकळे बसवून करतो. जमिनीतली ओल दगडात चढली की तिच्यातले क्षार पृष्ठभागाजवळ साठून स्फटिक धरतात आणि दगडाचं पीठ झडू लागतं. म्हणून जोतं आम्ही घट्ट बेसॉल्टचं करतो आणि वालुकाश्म त्याच्या वर घेतो. जोत्याला सिमेंटचा गिलावा देऊ नका. तो ओल आत कोंडतो आणि ती वरच्या दगडातून वाट काढते.

ठोकळा पसंत करायला येताना सकाळी लवकर या, म्हणजे तो तुमच्यासमोर भिजवून वाळलेला दाखवता येईल. निवडलेल्या वालुकाश्मावर आम्ही थराच्या दिशेची खूण रंगाने करून देतो. गवंड्याने दगड बसवेपर्यंत ती पुसू देऊ नका.