ट्रान्स्क्रिप्टवरची टक्केवारी कशी काढली? कुलसचिवांना मेल करताना नेमकं काय विचारायचं

ट्रान्स्क्रिप्ट हातात आलं की बरेच जण सीजीपीएला १० नाहीतर ९.५ ने गुणून बघतात, आकडा जुळत नाही आणि मग थेट "माझी टक्केवारी चुकली आहे, दुरुस्त करा" असा मेल जातो. अशा मेलला बहुतेक वेळा "नियमानुसार बरोबर आहे" एवढंच एका ओळीचं उत्तर येतं. चूक आहे म्हणण्याऐवजी पद्धत विचारली तर उत्तर कामाचं मिळतं.

मुळात सीजीपीएवरून खरे मार्क परत काढताच येत नाहीत. समजा ७० ते ७९ मार्कांना ८ पॉइंट आहेत, तर ७१ वाला आणि ७९ वाला दोघंही ८ वरच. त्यामुळे टक्केवारीचं सूत्र म्हणजे विद्यापीठानं ठरवलेला नियम असतो, कुठे सरळ १० ने गुणतात, कुठे आधी ०.७५ वजा करून मग १० ने गुणतात, तर कुठे सूत्र न वापरता मूळ मार्कांची बेरीजच घेतात. दुसऱ्या विद्यापीठातल्या मित्राचं सूत्र आपल्याला लावून काहीच सिद्ध होत नाही.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. दोन सेमिस्टरचा कोर्स, पहिल्यात एसजीपीए ८.२० आणि क्रेडिट २०, दुसऱ्यात ७.४० आणि क्रेडिट २४. नुसती सरासरी काढली तर ७.८० येते, पण सीजीपीए क्रेडिटच्या वजनानं निघतो:

(८.२० × २० + ७.४० × २४) ÷ ४४ = ३४१.६ ÷ ४४ = ७.७६३६

कागदावर छापलं जातं ७.७६. आता नियम ०.७५ वजा करायचा असेल तर (७.७६ − ०.७५) × १० = ७०.१०. पण ट्रान्स्क्रिप्टवर ७०.१४ दिसतंय! म्हणजे सिस्टिमनं न गोलावलेला ७.७६३६ धरलाय, बाकी सगळं ठीक आहे. फरक दुसऱ्या दशांशात असेल तर आधी हेच तपासायचं. फरक दोन-तीन टक्क्यांचा किंवा जास्त असेल तर सूत्रच वेगळं आहे, मूळ मार्क धरलेत, किंवा एखादा बॅकलॉग नाहीतर दुसरीकडून ट्रान्सफर झालेले क्रेडिट यात धरले की नाही हा प्रश्न आहे.

हे घरी करून झालं की मेल असा लिहायचा:

"मा. कुलसचिव महोदय/महोदया, माझा पीआरएन आणि कोर्स, प्रवेशाचं वर्ष खाली दिलं आहे. ट्रान्स्क्रिप्टवर सीजीपीए ७.७६ आणि टक्केवारी ७०.१४ आहे. ही टक्केवारी कोणत्या सूत्रानं काढली, ते सूत्र माझ्या बॅचला कोणत्या परिपत्रकानं लागू आहे, आणि सीजीपीए गोलावून धरला की न गोलावता, हे कृपया कळवावं. शक्य असल्यास हेच नमूद केलेलं कन्व्हर्जन सर्टिफिकेट मिळावं. माझं गणित सोबत जोडलं आहे."

बॅचचा उल्लेख विसरू नका, कारण नियम मध्येच बदललेला असू शकतो आणि नव्या परिपत्रकातलं सूत्र जुन्या बॅचला लागू असेलच असं नाही. परिपत्रकाचा नंबर आणि तारीख मिळवणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण पुढे नोकरीत किंवा ॲडमिशनला कुणी टक्केवारीवर शंका घेतली तर तुमच्या शब्दापेक्षा तो कागद चालतो.

अर्ज ज्याचं ट्रान्स्क्रिप्ट त्यानंच करायचा, शक्यतो विद्यापीठात नोंदवलेल्या ईमेलवरून. दुसऱ्या कुणाला पाठवत असाल तर सही केलेलं अधिकारपत्र आणि दोघांचं ओळखपत्र तयार ठेवा. बाकी सगळ्या सेमिस्टरची ग्रेडकार्डं, ट्रान्स्क्रिप्टच्या दोन्ही बाजू (सूत्र पुष्कळदा मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं असतं, ते आधी वाचा), नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा, एवढं स्कॅन करून जोडायचं, ओरिजिनल पाठवायचं नाही. बऱ्याच ठिकाणी हे काम परीक्षा विभागाकडे असतं म्हणून परीक्षा नियंत्रकांना सीसीमध्ये ठेवा, नाहीतर मेल या टेबलवरून त्या टेबलवर फिरत राहतो.

उत्तर वाचून लक्षात आलं की सूत्र बरोबर आहे पण एखाद्या विषयाचा ग्रेडच चुकीचा चढलाय, तर तो अर्ज वेगळा, ग्रेडकार्ड दुरुस्तीचा, आणि मार्कांवरच आक्षेप असेल तर पुनर्मूल्यांकनाचा, ज्याची मुदत निकालानंतर लवकर संपते. सूत्र मात्र एका विद्यार्थ्यासाठी बदललं जात नाही. उत्तर येईपर्यंत कुठला फॉर्म भरायचा असेल तर ट्रान्स्क्रिप्टवर छापलेला आकडाच टाका, स्वतः काढलेला नको, कारण कागदपत्र पडताळणीत छापलेलाच आकडा बघतात.