फास्टिंग १०४ आणि एचबीएवनसी ८.१, मग खरं कोण बोलतंय?

आमच्या फोंड्याच्या मामांचा चतुर्थीनंतरचा रिपोर्ट आला आणि घरात वाद. फास्टिंग १०४, म्हणजे मामा खूष, आणि त्याच कागदावर खाली एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, ८.१, चांगलाच वर. मामांचं म्हणणं लॅबवाल्याने कोणाचं तरी रक्त बदललं. मामी म्हणते, टेस्टच्या आधी चार दिवस रात्री नुसती पेज पिऊन झोपायचे ते कोण, मी का? दोन्ही आकडे बरोबर असू शकतात हे पटवायला मला थोडं मागे जावं लागलं.

आधी लघवीच तपासायचे. बेनेडिक्टचं निळं औषध परीक्षानळीत घ्यायचं, त्यात थोडी लघवी टाकून गरम करायचं, रंग निळाच राहिला तर साखर नाही, विटकरी झाला तर भरपूर. पण रक्तात साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय बहुतेकांच्या लघवीत साखर उतरतच नाही, त्यामुळे निळा रंग बघून निर्धास्त राहणारे पुष्कळ असणार. मग रक्ताची फास्टिंग आली, ती जास्त नेमकी, पण ती सांगते फक्त त्या सकाळचं. पहाटे सहाला पाटो पुलावर गाड्या मोजायच्या आणि म्हणायचं पणजीत ट्राफिकच नाही, तसलाच प्रकार.

तीन महिन्यांच्या आकड्याची गोष्ट सुरू झाली तेहरानमध्ये. सॅम्युअल रहबर तिथे हिमोग्लोबिनचे वेगवेगळे प्रकार शोधत होते, आणि त्यांना डायबिटीसवाल्यांच्या रक्तात एक वेगळाच पट्टा दिसला, तो त्यांनी १९६८ मध्ये छापला. हा कुठला नवा आजार नव्हता, हिमोग्लोबिनलाच साखर चिकटलेली होती. रक्तात साखर जितकी जास्त तितकी ती जास्त चिकटते, आणि एकदा पक्की बसली की ती लाल पेशी मरेपर्यंत सुटत नाही. पेशी जगते साधारण १२० दिवस, म्हणून आकडा दोन-तीन महिन्यांचा. १९७६ मध्ये केनिग, सेरामी वगैरे मंडळींनी पाच पेशंटांची साखर हॉस्पिटलात ताब्यात आणून दाखवलं की हा आकडाही मागोमाग खाली येतो. १९९३ ला अमेरिकेतला मोठा डीसीसीटी अभ्यास आला, त्यात कळलं की हा आकडा खाली ठेवला की डोळे-किडनीचा त्रास कमी होतो, तेव्हापासून डॉक्टर लोक याच्याकडे खरं लक्ष द्यायला लागले. फक्त तीन महिने सगळे सारखे धरले जात नाहीत, जवळजवळ अर्धा वाटा शेवटच्या महिन्याचा असतो. म्हणजे चतुर्थीच्या नेवऱ्या-मोदक त्यात आहेतच, पण चार दिवसांच्या पेजेने तो हलत नाही.

२००८ मध्ये या टक्केवारीवरून सरासरी साखर काढायचं सूत्र आलं, २८.७ गुणिले एवनसी, वजा ४६.७. मामांचं ८.१ घातलं तर येतात १८६. मग मी त्यांना मीटर दिला आणि रोजच्यासारखंच खा म्हटलं, पेज नाही. सकाळी उपाशी १०४, भाजी-पाव खाऊन दोन तासांनी २३१, जेवणाआधी १५८, शीत-हुमण खाऊन दोन तासांनी २४९, संध्याकाळी १७२, रात्री जेवून २२६. सरासरी १९०. एका दिवसाचा आणि जेवणानंतरचे आकडे मुद्दाम घेतलेला हा हिशोब कच्चाच आहे, तरी मामा गप्प झाले. रात्रभर काही खाल्लं नाही की त्यांची साखर खाली येते, गडबड आहे ती जेवणानंतर. एवनसी खूप वर, म्हणजे दहाबिहा असेल तर बहुतेक वेळा फास्टिंगच वर असते आणि त्याचाच वाटा मोठा, पण सातच्या आसपास आलं की जेवणानंतरच्या साखरेचा वाटा वाढत जातो. मामा मधेच कुठेतरी आहेत.

उलटंही होतं, काहींची फास्टिंग पहाटेच्या हार्मोनमुळे १५० आणि बाकी दिवस बरा, एवनसी ६.८.

पण एवनसी म्हणजे काही देववाणी नाही, हे मामींच्या वेळी कळलं. त्यांची फास्टिंग ९४, जेवणानंतर १३० च्या आत आणि एवनसी ६.६. डॉक्टरांनी डायबिटीसचा शिक्का मारायच्या आधी हिमोग्लोबिन बघितलं, ते ८.७, लोह कमी. लोह कमी असलं की पेशी जुन्या होऊन रक्तात जास्त वेळ फिरतात, त्यांना साखर चिकटायला जास्त दिवस मिळतात, आणि आकडा उगाच फुगतो. पेशी लवकर फुटत असतील, किंवा खूप रक्त गेलं असेल तर उलट, आकडा खोटाच कमी. नुकतं रक्त चढवलं असेल तरी त्याच्यावर विश्वास नाही. मामींना लोहाच्या गोळ्या दिल्यात, हिमोग्लोबिन वर आलं आणि पेशी बदलल्या की परत करायची आहे, तोवर मीटरच.

मामांना डॉक्टरांनी आता फास्टिंगसोबत जेवणानंतर दोन तासांचीही बघायला सांगितलीय. पहिल्या दिवशी त्यांनी दोन तास मोजले ते जेवण संपल्यापासून. पहिल्या घासापासून मोजायचे असतात, यावर मामींशी परत वाद.