दोन टप्प्यांच्या सॅम्पलिंगमधला व्हेरियन्स: गावागावातला फरक आणि गावातल्या गावातला फरक

आधी काही गट (क्लस्टर) निवडायचे आणि मग निवडलेल्या प्रत्येक गटातली सगळी माणसं, शेतं, घरं न मोजता त्यातली थोडीच निवडून मोजायची, याला दोन टप्प्यांचं सॅम्पलिंग म्हणतात. आपल्याकडचं ओळखीचं उदाहरण म्हणजे पीक कापणी प्रयोग: आधी गावं निवडतात, मग त्या गावातली शेतं, आणि शेतात ठरलेल्या मापाचा प्लॉट आखून तेवढंच पीक कापून वजन करतात. या पद्धतीच्या शास्त्रीय पायाभरणीत सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं मोठं काम आहे.

यात चूक दोन ठिकाणांहून येते. एक, दुसरीच गावं निवडली गेली असती तर सरासरी वेगळी आली असती. दोन, तीच गावं राहून आत दुसरी शेतं आली असती तरीही वेगळी आली असती. एकूण व्हेरियन्स म्हणजे या दोघांची बेरीज, आणि कुठला भाग किती मोठा आहे ते कळलं की पैसे गावं वाढवण्यात घालायचे की शेतं वाढवण्यात हे ठरवता येतं.

समजण्यापुरतं एक बनवलेलं उदाहरण घेऊ. तालुक्यात 100 गावं, प्रत्येकात ज्वारीची 40 शेतं (खऱ्या गावांत आकडा सारखा नसतो, पण इथे सोपं ठेवू). 4 गावं निवडली, प्रत्येकी 3 शेतं. प्लॉटमधून निघालेली ज्वारी किलोत अशी:

पहिलं गाव 4, 5, 6
दुसरं गाव 7, 8, 9
तिसरं गाव 3, 6, 6
चौथं गाव 5, 5, 8

गावांच्या सरासऱ्या 5, 8, 5, 6, म्हणजे एकंदर सरासरी 6 किलो. या चार सरासऱ्यांचा आपसातला व्हेरियन्स (1+4+1+0)/3 = 2, याला s1² म्हणू. गावांच्या आतले व्हेरियन्स 1, 1, 3, 3, त्यांची सरासरी पण 2, ती s2².

आता इथेच बहुतेकांची गफलत होते. s1² = 2 हा आकडा बघून गावागावातला फरक 2 आहे असं वाटतं, पण गावाची सरासरी आपण फक्त 3 शेतांवरून काढलीय, त्यामुळे ती स्वतःच डळमळीत आहे आणि तो डळमळीतपणा s1² मध्ये आधीच मिसळलेला आहे. तो वजा करावा लागतो: 2 − (1 − 3/40)×2/3 = 1.38. हा गावागावातला खरा फरक (अर्थात अंदाजच).

सरासरीच्या व्हेरियन्समध्ये गावांचा वाटा (1 − 4/100)×1.383/4 = 0.332, शेतांचा वाटा (1 − 3/40)×2/12 = 0.154. बेरीज 0.486, म्हणजे स्टँडर्ड एरर साधारण 0.70 किलो, आणि दोन तृतीयांशाहून जास्त चूक गावांमुळे आहे. एकूण आकडा थेट काढायचा तर सूत्र असं, उत्तर तेच येतं:

```
v = (1 - n/N)*s1²/n + (n/N)*(1 - m/M)*s2²/(n*m)
```

यात n, N निवडलेली आणि एकूण गावं, m, M गावामागे निवडलेली आणि एकूण शेतं. सूत्रातलं दुसरं पद इथे फक्त 0.006 येतं, पण म्हणून शेतांचा वाटा नगण्य आहे असं समजू नका, तो पहिल्या पदात शिरलेला आहे.

गट विसरून बाराही आकडे सुटे समजले तर स्टँडर्ड एरर साधारण 0.51 येतो, म्हणजे अंदाज आहे त्यापेक्षा बराच पक्का वाटतो, आणि हे धोकादायक आहे कारण आकडेमोडीत कुठेच काही खटकत नाही.

समजा 12 ऐवजी 24 प्रयोग करायचेत. तीच 4 गावं ठेवून गावामागे 6 शेतं घेतली तर व्हेरियन्स 0.40 पर्यंतच उतरतो, कारण गावांचा 0.332 जागचा हलत नाही. 8 गावं आणि प्रत्येकी 3 शेतं घेतली तर तो 0.24 वर येतो. पण नवीन गावाला जाणं महाग पडतं. एका गावाचा खर्च एका शेताच्या 6 पट असेल तर वरच्याच आकड्यांवरून गावामागे 3 शेतं सगळ्यात किफायतशीर ठरतात: √(6 × 2/(1.383 − 2/40)) = 3.

एक मर्यादा मात्र आहे, 4 गावांवरून काढलेला 1.38 हा आकडा फार कच्चा असतो, कारण त्याच्या मागे फक्त 3 डिग्रीज ऑफ फ्रीडम आहेत. कधीकधी वजाबाकी ऋण सुद्धा येते. तेव्हा गावांचा भाग शून्य धरतात, पण त्याचा अर्थ गावं एकसारखी आहेत असा होत नाही, एवढ्या गावांतून फरक दिसला नाही इतकाच होतो, आणि सरासरीच्या एकूण व्हेरियन्ससाठी वरचं थेट सूत्र तेव्हाही तसंच वापरता येतं.