अर्जात विनवण्या जास्त, म्हणजे आदर जास्त?

“सरकारी अर्जात ‘कृपा करून’, ‘नम्र विनंती’ जितक्या वेळा लिहू तितकं काम लवकर होतं ना?”

नाही. आदरासाठी ‘मा.’, ‘महोदय’ आणि एकदा ‘ही विनंती’ पुरते. अर्ज आधी आवक-जावकला जातो आणि तिथे विषय वाचून टेबल ठरतं. ‘विषय : विनंती अर्ज’ लिहिलं तर टेबल कळत नाही, कागद पडून राहतो.

समजा, धरमपेठेत घर घेतलं, मालमत्ता कराच्या नोंदीत नाव बदलायचं आहे. तर असं लिहा :

प्रति,
मा. सहायक आयुक्त, धरमपेठ झोन, नागपूर महानगरपालिका
विषय : मालमत्ता कराच्या नोंदीत नाव बदलण्याबाबत (मालमत्ता क्रमांक …)
संदर्भ : खरेदीखत क्र. …, दि. …

महोदय,
उपरोक्त विषयान्वये, सदर घर मी वरील खरेदीखतान्वये खरेदी केले आहे. तरी नोंदीत माझे नाव घ्यावे, ही विनंती.

मग ‘आपला विश्वासू’, सही, पत्ता, मोबाइल. ‘सोबत’खाली जोडलेला प्रत्येक कागद लिहा, नाहीतर एखादा गहाळ झाल्यास तो दिला होता हे दाखवता येत नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्याच. पुढच्या स्मरणपत्रात संदर्भ म्हणून तीच तारीख लागते.